उरलेली बिर्याणी पुन्हा उकळली, मग चालेल ना?

हॉटेलात, केटरिंगमध्ये किंवा घरून डबे व दावतीच्या ऑर्डरी देणाऱ्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, 'फॉस्टॅक' नावाचे प्रशिक्षण असते. अशा प्रशिक्षणांत आणि त्यानंतरच्या चाचण्यांत अन्न हाताळणाऱ्यांना ज्या धर्तीचे प्रश्न विचारतात, त्यातला एक असा :

'दुपारी दोन वाजता शिजलेला भात रात्री नऊपर्यंत पातेल्यात, ओट्यावर झाकून ठेवला होता. आता तो वाफा येईपर्यंत खणखणीत गरम केला. तो वाढता येईल काय?'

बहुतेकजण बेधडक 'होय' वर खूण करतात. वर्षानुवर्षे चूल सांभाळलेल्या भगिनी तर हमखास करतात, कारण 'उकळलं की सगळं मरतं' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण बरोबर उत्तर 'नाही' असे आहे. हे उत्तर पाठ करून गुण मिळतील, मात्र त्यामागचे कारण कळले तरच ते दावतीच्या दिवशी उपयोगी पडेल. म्हणून या लेखात आम्ही ते कारण, आणि त्यावरून निघणारी देगेपासून फ्रीजपर्यंतची व फ्रीजपासून दस्तरखानापर्यंतची रीत सांगणार आहोत.

भातात काय घडते?

भाताच्या शेतातल्या मातीत 'बॅसिलस सीरियस' नावाचा एक जीवाणू राहतो. तांदळाच्या दाण्याबरोबर तो आपल्या घरात येतो. तांदूळ कितीही वेळा धुतला तरी तो पूर्णपणे जात नाही. परिस्थिती वाईट असली की हा जीवाणू स्वतःभोवती कठीण कवच करून झोपी जातो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. साधे जीवाणू उकळत्या पाण्यात मरतात, पण बीजाणू भात शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. उलट त्या उष्णतेने त्यांना जाग येते. भात कोमट झाला की कवच फुटते, जीवाणू बाहेर येतो आणि वाढू लागतो. त्याच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जीवाणू शिजतानाच मेलेले असतात, त्यामुळे त्याला मैदान मोकळे मिळते.

वाढताना तो भातात एक विष सोडतो. त्याचे नाव सेरेयुलाइड. सगळा प्रश्न या विषापाशी येऊन ठेपतो. जीवाणू पुन्हा गरम केल्यावर मरतो, पण विष मरत नाही, कारण ते जिवंतच नसते. १२१ अंश सेल्सियसला, म्हणजे प्रेशर कुकरच्या आतल्या उष्णतेला, तासाभराहून अधिक वेळ ठेवले तरी ते टिकते. तवा, कढई किंवा मायक्रोवेव्ह यांचा त्याच्यापुढे निभाव लागत नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या झाल्याची अनेक प्रकरणे नोंदली गेली. तिथे रात्री भाताचे मोठे ढीग शिजवून स्वयंपाकघरातच ठेवत आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले की कढईत झटपट परतून देत. फ्रीजमध्ये ठेवला तर भाताचे गोळे होतात आणि दाणे सुटे राहत नाहीत, म्हणून तो बाहेर ठेवायची पद्धत होती. कढई लालबुंद तापलेली असे, तरी माणसे आजारी पडत. विष रात्रीच तयार झालेले होते.

या भाताला आंबूस वास येईलच, तो चिकट होईलच, असे नाही. दिसायला आणि चवीला तो अगदी चांगला असू शकतो. म्हणून 'वास घेऊन पाहिला, ठीक होता' हे उत्तर चाचणीतही चुकीचे धरतात आणि घरातही ते चुकीचेच आहे.

मटणाच्या रश्शाची गोष्ट वेगळी

बिर्याणीत भातासोबत मटण असते आणि त्याचा शत्रू निराळा आहे. त्याचे नाव 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स'. त्याचेही बीजाणू शिजण्यातून वाचतात. दाट रस्सा, हलीम, निहारी यांसारखे पदार्थ मोठ्या पातेल्यात हळूहळू निवत असताना तो वाढतो. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास तर त्याची संख्या दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकते.

पण हा जीवाणू आजार करतो तो जिवंत स्थितीत, मोठ्या संख्येने पोटात गेल्यावर. म्हणजे रस्सा खाण्याआधी आतपर्यंत नीट तापवला तर हा धोका बराच टळतो. भाताच्या विषाच्या बाबतीत ती सोय नाही. एकाच देगेत दोन पदार्थ आणि दोन वेगळे हिशेब असल्यामुळे नियम कडक बाजूचा, म्हणजे भाताचा, धरायचा.

त्रास कधी सुरू झाला यावरूनही अंदाज येतो. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या तर भाताच्या विषाचा संशय येतो. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब लागले तर रश्शाकडे पाहावे. बहुतेकांना एका दिवसात आराम पडतो. ओआरएस देत राहावे. मात्र लहान मूल, वृद्ध किंवा गरोदर स्त्री असेल, उलट्या थांबत नसतील, गुंगी किंवा कावीळ दिसत असेल, तर घरी थांबू नये. २००८ साली बेल्जियममध्ये पाच दिवस बाहेर राहिलेली शिजवलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ल्याने २० वर्षांचा एक विद्यार्थी दगावला, तो याच जीवाणूमुळे. असे क्वचित घडते, पण घडते.

नियम काय सांगतो?

शिजवलेल्या अन्नासाठी ५ ते ६० अंशांमधला पट्टा धोक्याचा मानतात. अन्न एकतर त्याच्या वर राहिले पाहिजे किंवा त्याच्या खाली, आणि मधून जावेच लागले तर भरभर गेले पाहिजे. एफएसएसएआयच्या केटरिंगच्या तपासणी यादीत हेच आकड्यांत मांडले आहे. गरम वाढायचे शाकाहारी अन्न ६५ अंशांवर आणि मांसाहारी ७० अंशांवर धरून ठेवावे. थंड करायचे असेल तर ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या दोन तासांत आणावे. पुन्हा गरम करताना पदार्थाच्या मध्यभागी ७५ अंश गाठून तिथे किमान दोन मिनिटे राहू द्यावे.

हे आकडे बोटाने कळत नाहीत. हाताला 'चांगलाच गरम' वाटणारा भात ५० अंशांवर असू शकतो, आणि ते तर जीवाणूंच्या सोयीचे तापमान. त्यासाठी टोकदार सळईचा अन्नाचा थर्मामीटर लागतो. तो बरोबर दाखवतो का हे घरीच तपासता येते. पेला बर्फाच्या चुऱ्याने भरून त्यात थोडे पाणी घालावे आणि सळई मध्ये धरावी. काटा शून्यावर आला पाहिजे. उकळत्या पाण्यात तो समुद्रकाठी १०० आणि पुण्यासारख्या उंचीवर ९८ च्या आसपास दाखवेल.

एक वलीमा, एक देग

आता हे सगळे एका उदाहरणात पाहू. समजा, मे महिन्यात घरी वलीमा आहे. मटण बिर्याणीची देग दीड वाजता दमावरून उतरली. दोन वाजता झाकण उघडले, पंगती सुरू झाल्या आणि चार वाजता शेवटची पंगत उठली. तळाशी पाच-सहा किलो बिर्याणी उरली आहे. थर्मामीटरची सळई देगेच्या मध्यभागी खुपसली तर ६६ अंश आणि कडेला ५२ अंश दाखवते. स्वयंपाकघरात ३५ अंश उकाडा आहे.

पहिली गोष्ट, ताटांतून आणि परातींतून परत आलेला भात या हिशेबातच नाही. त्याला लोकांचे हात लागले आहेत. तो देगेत परत टाकायचा नाही.

दुसरी गोष्ट, कडेचा भात ६० च्या खाली आला आहे, पण झाकण उघडून दोनच तास झाले आहेत. तो आत्ता लगेच खायला हरकत नाही. जी मंडळी वाढण्यात गुंतल्यामुळे जेवायची राहिली, त्यांनी तो आताच जेवावा. साठवण्यासाठी मात्र तो घेऊ नये, कारण त्याच्या वाट्याचा वेळ खर्च झाला आहे.

साठवायचा आहे तो मधला, ६० च्या वरचा भाग. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. 'गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवू नये, आधी निवू द्यावे' म्हणून देग झाकून कोपऱ्यात ठेवतात आणि रात्री आवराआवर झाल्यावर पातेल्यात काढतात. देगेतल्या जाड थराचा मधला भाग तासन्‌तास कोमटच राहतो. तोच थर तसाच खोल पातेल्यात फ्रीजमध्ये गेला तर मध्य रात्रभर गार होत नाही, शिवाय फ्रीजमधले दूध आणि इतर पदार्थही तापतात.

त्याऐवजी चार वाजताच बिर्याणी मोठ्या, स्वच्छ थाळ्यांत किंवा ट्रेमध्ये पसरावी. थर दोन इंचांहून जाड नको, एक इंच असेल तर उत्तम. मटणाचे मोठे तुकडे आणि मसाला वेगळ्या ट्रेमध्ये काढावा, कारण हाडाचा तुकडा भातापेक्षा उशिरा निवतो. आता पंखा लावला म्हणजे झाले असे वाटेल. पण ३५ अंशांच्या खोलीत पंखा भाताला फार तर ३५ पर्यंत आणेल, २१ पर्यंत कधीच आणणार नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा मुद्दा विसरून चालत नाही. म्हणून थाळीखाली दुसऱ्या मोठ्या परातीत बर्फाचे पाणी ठेवावे आणि दर पाच-दहा मिनिटांनी स्वच्छ डावाने भात हलवावा. लग्नघरी सरबतासाठी बर्फाच्या लाद्या आलेल्या असतातच. त्यातली एक या कामासाठी राखून ठेवावी. बर्फाचे पाणी अन्नात मिसळू देऊ नये, कारण तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच याची खात्री नसते.

अशा रीतीने सहा वाजता थर्मामीटर २० अंश दाखवेल. मग भात पसरट डब्यांत, पातळ थरात भरून फ्रीजमध्ये ठेवावा. डबे एकमेकांना चिकटवू नयेत, थंड हवा मधून फिरली पाहिजे. आठ वाजता मध्यभागी ५ अंश आले की साठवण बरोबर झाली. डब्यावर तारीख आणि वेळ लिहावी. ब्रिटनच्या अन्न विभागाचा सल्ला असा की शिजवलेला भात फ्रीजमध्ये एक दिवसाहून जास्त ठेवू नये. अधिक काळ ठेवायचा असेल तर त्याच संध्याकाळी लहान पाकिटांत फ्रीजरमध्ये टाकावा.

आता तुलना करू. एका घराने वरीलप्रमाणे केले आणि दुसऱ्या दिवशी बिर्याणी ७५ अंशांपर्यंत तापवली. दुसऱ्या घराने देग रात्री नऊपर्यंत झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ९० अंशांपर्यंत तापवली. दुसऱ्या घराने जास्त तापवले, तरी धोका त्याच घरात आहे. तापवण्याने मागच्या दिवसाची दिरंगाई भरून निघत नाही. चाचणीत या विषयावर कोणताही प्रश्न आला तरी किल्ली हीच आहे.

गरम करणे आणि गरम ठेवणे

चाचणीतला आणखी एक आवडता प्रश्न असा : 'फ्रीजमधला थंड पुलाव थेट हॉटकेसमध्ये किंवा गरम पाण्याच्या काउंटरवर ठेवून वाढण्यापर्यंत गरम करावा काय?' याचेही उत्तर 'नाही'. ही साधने गरम अन्न गरम ठेवण्यासाठी असतात. त्यांत थंड अन्न ठेवले तर ते हळूहळू तापत तासभर किंवा अधिक काळ धोक्याच्या पट्ट्यात रेंगाळते. आपल्या घरातला झाकणाचा कॅसरोल तर स्वतः काहीच तापवत नाही.

आधी गॅसवर तापवावे. जेवढे खायचे तेवढेच काढावे, भाताचे गोळे सुटे करावेत, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे आणि खालीवर करत राहावे. कडेला वाफ आली म्हणजे मध्य तापला असे नाही, म्हणून सळई मध्यभागी आणि मटणाच्या जाड तुकड्यात टोचून पाहावी. थर्मामीटर नसेल तर मधला भात उकरून पाहावा. तिथूनही जोरात वाफ निघाली पाहिजे आणि ती दोन-तीन मिनिटे टिकली पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये मधोमध थंड खिसे राहतात, म्हणून अर्ध्यावर थांबवून ढवळावे आणि शेवटी दोन मिनिटे झाकून ठेवावे. मग तो गरम पदार्थ कॅसरोलमध्ये भरावा. एकदा तापवलेले उरले तर पुन्हा साठवू नये. जुन्या उरलेल्या भातावर नवा भात ओतून 'मिसळून टाकणे' तर अजिबात नको, कारण मग नव्या भाताचे वयही जुन्याइतकेच होते.

फ्रीजरमधून बाहेर काढताना

गोठवलेल्या अन्नातले जीवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. बाहेर काढल्यावर घड्याळ पुन्हा सुरू होते. कुर्बानीनंतर घरोघरी मांसाचे मोठे गठ्ठे फ्रीजरमध्ये असतात आणि रात्री एक गठ्ठा ओट्यावर काढून ठेवायची सवय असते. सकाळी पाहावे तर आतला भाग अजून दगडासारखा असतो, पण बाहेरचा थर कित्येक तास खोलीच्या उकाड्यात राहिलेला असतो. 'ओट्यावर', 'गरम पाण्यात' आणि 'फ्रीजच्या खालच्या कप्प्यात' असे पर्याय असतील तर खूण तिसऱ्यावर करावी.

दोन किलोच्या गठ्ठ्याला फ्रीजमध्ये साधारण एक अख्खा दिवस लागतो. त्यामुळे शुक्रवारी दुपारी शिजवायचे मांस गुरुवारी सकाळीच फ्रीजरमधून फ्रीजमध्ये आणावे. खाली खोलगट ताट ठेवावे, म्हणजे रक्त गळून इतर अन्नाला लागणार नाही. घाई असेल तर मांस पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवावे, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि सुटताच शिजवावे. मायक्रोवेव्हमध्ये सोडवले तरीही लगेच चुलीवर चढवावे. एकदा सुटलेले कच्चे मांस पुढच्या वेळेसाठी पुन्हा ठेवून देऊ नये. सर्वांत सोपा उपाय गोठवतानाच करता येतो. अर्ध्या-अर्ध्या किलोची चपटी पाकिटे करून ठेवली तर ती फार लवकर सुटतात आणि लागेल तेवढेच काढता येते.

गोठवलेल्या भाताला तर सुटू द्यायचीही गरज नसते. पाकीट फोडून तो थेट भांड्यात घालावा, पाण्याचा हबका मारून झाकावा आणि मध्यभागापर्यंत तापवावा.

फेकायचे की ठेवायचे?

अन्न वाया घालवणे आपल्याला जड जाते आणि ते जावेच. इसराफ टाळायची जागा मात्र रात्री नऊचे पातेले नव्हे, तर दुपारी चारची देग आहे. शेवटच्या पंगतीचा अंदाज आला की बिर्याणी गरम असतानाच डब्यांत भरून शेजारी, नातेवाईक आणि गरजूंकडे पोहोचवावी, 'लगेच खा' असा निरोप देऊन. ज्याची वेळ आपल्याला माहीत नाही, जो भात दुपारपासून रात्रीपर्यंत बाहेर होता, तो दुसऱ्या कोणाच्या ताटात देऊ नये. गरजूच्या पोटालाही तेच विष तितकेच बाधते.

आता लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न पुन्हा वाचून पाहा. त्यात 'खणखणीत गरम केला' हे शब्द आपले लक्ष ओढतात, पण उत्तर ठरते ते 'दुपारी दोन' आणि 'रात्री नऊ' या शब्दांवर. भात किती तापवला हे नंतर विचारावे. तो कोमट अवस्थेत किती वेळ पडून होता, हे आधी विचारावे.